सेपरेबल इक्वेशनचा उत्तरसंच: एका सेमिस्टरनंतर

एस.वाय.बी.एस्सी.च्या पोरांना शिकवताना हा उत्तरसंच मी सेमिस्टरभर वापरला. प्रिंट काढली तेव्हा आधी कागदाचाच राग आला. दोन ओळींचं गणित अख्खं पान खातं, कारण कॉन्स्टंटचं नाव बदललं की ते का बदललं हेही लिहिलेलं. झेरॉक्सचे पैसे आपलेच जातात! पण वह्या तपासायला लागल्यावर मत फिरलं. ती लांबण हीच या संचाची खरी किंमत आहे.

हे गणित घ्या:

dy/dx = −2xy²

y² ने भागून दोन्ही बाजू इंटिग्रेट केल्या की −1/y = −x² + C₁. इथे संच थांबतो आणि −C₁ ला C म्हणतो, म्हणून y = 1/(x² + C). बरीच मुलं C विसरतात आणि शेवटी y = 1/x² + C असं चिकटवून टाकतात. मूळ समीकरणात घालून पाहा, C शून्य असल्याशिवाय ते जुळत नाही. शिवाय y(0) = 1 ही अट त्यात वापरताच येत नाही, x = 0 ला भागाकारच अडतो. कॉन्स्टंट इंटिग्रेशनच्या ओळीतच यायला हवा, हे मी फळ्यावर सांगून सांगून थकलो होतो. या पानाने ते पोरांना पटलं.

आता अटी. y(0) = 1 असेल तर C = 1, उत्तर 1/(x² + 1), सगळ्या x साठी चालतं. y(0) = −1 घेतलं तर C = −1, उत्तर 1/(x² − 1). आणि y(0) = 0? कोणताही C घ्या, 1/C शून्य होत नाही. कारण y² ने भागताना y शून्य नाही असं आपण धरलं होतं, आणि y = 0 हे उत्तर तिथेच गळालं. संचाने ते सुरुवातीलाच वेगळं लिहून ठेवलंय. बाजारातल्या बहुतेक गाइडांत ही ओळ मला दिसलेली नाही.

माझी तक्रार एकच, पण ती मी सोडणार नाही. 1/(x² − 1) या उत्तरापुढे मध्यंतर दिलेलं नाही. अट x = 0 ला आहे, ±1 ला उत्तर अनंताकडे जातं, म्हणून ते फक्त −1 < x < 1 एवढ्यातच खरं. त्यापलीकडचा आलेख या अटीचा नाही. संच तयार करणाऱ्यांना कळवलं, तर उत्तर आलं की परीक्षेत हे विचारत नाहीत. विचारत नसतील, पण x = 2 ला y किती असं विचारलं तर मुलगा बिनधास्त 1/3 लिहील आणि ते चूक असेल.

सध्या प्रत्येक प्रतीवर मध्यंतर मी पेन्सिलीने लिहून देतो. नवी आवृत्ती काढली आणि त्यात ही एक ओळ आली, तर मी पुन्हा प्रिंट काढेन, तीही दोन्ही बाजूंनी.