घर्षण असताना काय वापरावं: कार्य-ऊर्जा प्रमेय की ऊर्जा अक्षय्यता?

अकरावीत हा प्रश्न हमखास येतो. खडबडीत उतारावरून ठोकळा घसरतोय आणि तळाशी त्याचा वेग किती, हे काढायचंय. एक जण कार्य-ऊर्जा प्रमेय लावतो, दुसरा ऊर्जा अक्षय्यता, आणि तिसरा म्हणतो, "घर्षण आहे ना, मग अक्षय्यता लागूच होत नाही." या तिसऱ्याचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. घर्षण असलं की यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज अधिक स्थितिज ऊर्जा, कायम राहत नाही. एकूण ऊर्जा मात्र राहतेच. जेवढी यांत्रिक ऊर्जा कमी होते, तेवढी ठोकळ्याच्या आणि पृष्ठभागाच्या उष्णतेत जमा होते. त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत. कोणती कधी सोयीची आणि कुठे पाय घसरतो, एवढंच ठरवायचं आहे.

एक गणित घेऊ. ठोकळा २ किलोचा, उतार ३७ अंशांचा, घर्षण गुणांक ०.२५, आणि ठोकळा स्थिर अवस्थेतून सुटून उतारावरून ५ मीटर घसरतो. g १० धरू. Sin ३७° म्हणजे ०.६ आणि cos ३७° म्हणजे ०.८. उताराच्या दिशेने गुरुत्वाचा घटक १२ न्यूटन, लंब प्रतिक्रिया १६ न्यूटन, म्हणून घर्षण ४ न्यूटन. आता दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी पाहा.

```
कार्य-ऊर्जा प्रमेय:   W_g + W_f = ΔK
                     60 − 20 = K        →  K = 40 J

ऊर्जा अक्षय्यता:      ΔK + ΔU + Q = 0
                     K − 60 + 20 = 0    →  K = 40 J
```

वेग √४०, म्हणजे साधारण ६.३ मीटर प्रति सेकंद. आकडे तेच, उत्तर तेच. फरक आहे तो तुम्ही कोणाकडे बघताय याचा. प्रमेयात नजर फक्त ठोकळ्यावर असते. पृथ्वी बाहेरची आणि उतारही बाहेरचा, म्हणून त्यांच्या बलांनी केलेलं कार्य मोजायचं. अक्षय्यतेत ठोकळा, पृथ्वी आणि उतार मिळून एकच सिस्टिम धरलेली असते. गुरुत्वाचं कार्य तिथे वेगळं येत नाही, ते स्थितिज ऊर्जेतल्या बदलातच धरलेलं असतं. घर्षणाचं कार्यही येत नाही, त्याच्या जागी तयार झालेली उष्णता Q येते.

सगळ्यात जास्त चुका नेमक्या इथेच होतात. मुलं डावीकडे गुरुत्वाचं ६० ज्यूल कार्य लिहितात आणि त्याच समीकरणात उंची कमी झाल्याचे आणखी ६० ज्यूल घालतात. मग ६० + ६० − २० = १०० ज्यूल आणि वेग बरोबर १० मीटर प्रति सेकंद. उत्तर इतकं सुबक येतं की कुणी मागे वळून बघत नाही. खरं तर ते एका नजरेत पकडता येतं. ठोकळा उभ्या दिशेत ३ मीटर खाली आलाय. घर्षण अजिबात नसतं तरी तळाशी गतिज ऊर्जा ६० ज्यूलच मिळाली असती. घर्षण असताना त्याहून जास्त ऊर्जा आली, तर कुठेतरी काहीतरी दोनदा धरलंय हे नक्की. घर्षण काढून टाकल्यावर जे उत्तर येईल त्याच्याशी आपलं उत्तर ताडून पाहायची ही सवय मला फार मोलाची वाटते, कारण तिला अर्धं मिनिटही लागत नाही.

इतक्या साध्या गणितासाठी मी प्रमेयच सुचवेन. एक ठोकळा, जागेवर स्थिर असलेला पृष्ठभाग, विचारलेला वेग किंवा अंतर: बलांची आकृती काढा, प्रत्येक बलाचं कार्य लिहा, झालं. आकृतीत जेवढी बलं, तेवढीच पदं. सुटायची भीती नाही आणि दोनदा धरायची तर नाहीच.

आता ५ मीटरच्या शेवटी ९६ न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाची स्प्रिंग बसवू, उताराला समांतर. ठोकळा तिच्यावर आदळून किती दाबेल? इथून पुढे मी अक्षय्यतेकडे वळतो. सुरुवातीला ठोकळा स्थिर, जास्तीत जास्त दाबाच्या क्षणीही स्थिर. मधल्या वेगाशी आपल्याला देणंघेणंच नाही.

```
12(5 + x) = 4(5 + x) + ½·96·x²
6x² − x − 5 = 0   →   x = 1 m
```

गुरुत्वाचे ७२ ज्यूल, त्यातले २४ उष्णतेत आणि ४८ स्प्रिंगमध्ये. या टप्प्यावरची नेहमीची चूक म्हणजे घर्षणाचं अंतर ५ मीटरच धरणं. स्प्रिंग लागल्यावर घर्षण थांबत नाही, ठोकळा घसरतोय तोवर ते आहेच. त्या चुकीने x सुमारे १.०५ मीटर येतो. खऱ्या उत्तराच्या इतक्या जवळ, की आकडा पाहून संशय येत नाही. म्हणून Q लिहिताना "सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती घसरला?" हा प्रश्न वेगळा विचारायचा.

स्प्रिंग आता ठोकळ्याला परत वर ढकलेल. ठोकळा कुठवर जाईल? स्प्रिंगमधले ४८ ज्यूल पुन्हा मोकळे झाले, आणि वर जाताना दर मीटरला १२ ज्यूल उंचीसाठी व ४ ज्यूल घर्षणासाठी लागतात. म्हणजे ३ मीटर. त्यातला १ मीटर स्प्रिंगच्या दाबाचाच, म्हणून स्प्रिंग सुटल्यावर फक्त २ मीटर वर. सुटला होता ५ मीटरवरून. गुरुत्वाने खाली येताना दर मीटरला दिलेली ऊर्जा वर जाताना दर मीटरला तेवढीच परत घेतली, स्प्रिंगनेही घेतलेलं परत दिलं. घर्षणाने मात्र खाली येताना २४ आणि वर जाताना १२ ज्यूल घेतले, दोन्ही वेळा घेतलेच. म्हणूनच घर्षणासाठी स्थितिज ऊर्जा लिहिता येत नाही, आणि अक्षय्यतेच्या समीकरणात ते U मध्ये न जाता Q मध्ये जातं. अशा अनेक टप्प्यांच्या गणितात हा जमाखर्च एका ओळीत बसतो. प्रमेयानेही तेच उत्तर येतं, फक्त जाता-येता प्रत्येक बलाचं चिन्ह सांभाळावं लागतं.

इथपर्यंत निवड सोयीचीच होती. ती खरी महत्त्वाची ठरते, खालचा पृष्ठभागच हलायला लागतो तेव्हा.

गुळगुळीत फरशीवर ३ किलोची लांब फळी पडलीय. तिच्यावर १ किलोचा ठोकळा ४ मीटर प्रति सेकंद वेगाने सोडला. दोघांमध्ये घर्षण गुणांक ०.४, म्हणजे घर्षण ४ न्यूटन. ठोकळ्याचा वेग कमी होत जातो, फळीचा वाढत जातो, आणि शेवटी दोघं एकत्र सरकू लागतात. फळी किमान किती लांब हवी?

फरशीकडून घर्षण नाही, म्हणून संवेग अक्षय्य: शेवटचा सामाईक वेग १ मीटर प्रति सेकंद. सुरुवातीची गतिज ऊर्जा ८ ज्यूल, शेवटची २ ज्यूल. उरलेले ६ ज्यूल उष्णता झाले. उष्णता म्हणजे घर्षण गुणिले ठोकळा *फळीवर* घसरलेलं अंतर, म्हणून ते अंतर ६ ÷ ४ = १.५ मीटर. संपलं.

प्रमेयाने करायचं तर ते ठोकळ्याला आणि फळीला वेगवेगळं लावावं लागतं. ठोकळ्याची गतिज ऊर्जा ८ वरून अर्ध्या ज्यूलवर आली, म्हणजे घर्षणाचं कार्य −७.५ ज्यूल आणि फरशीच्या संदर्भात ठोकळ्याचं विस्थापन १.८७५ मीटर. फळीला १.५ ज्यूल मिळाले, म्हणजे तिचं विस्थापन ०.३७५ मीटर. वजाबाकी १.५ मीटर. फळीवर घर्षणाचं कार्य धन आहे हे नीट पाहा. "घर्षणाचं कार्य नेहमी ऋण" हे पाठ केलेलं वाक्य इथे चुकतं. ऋण असते ती दोघांवरच्या कार्यांची बेरीज, −७.५ + १.५ = −६.

आता गल्लत कशी होते ती बघा. कुणी अक्षय्यता लावतो, पण अंतर घेतो प्रमेयातलं, १.८७५ मीटर. त्याची उष्णता येते ७.५ ज्यूल. शेवटचे २ ज्यूल गतिज धरले की बेरीज ९.५ होते, आणि सुरुवातीला तर ८ च होते. दोन्ही पद्धतींत f गुणिले अंतर असंच लिहिलं जातं, पण अंतरं वेगळी आहेत. प्रमेयात त्या वस्तूचं जमिनीच्या संदर्भातलं विस्थापन, अक्षय्यतेत दोन पृष्ठभागांमधलं सापेक्ष घसरणं. उतार जागेवर असतो तेव्हा दोन्ही सारखीच निघतात, म्हणून हा फरक महिनोन्महिने लक्षात येत नाही आणि फळीच्या किंवा सरकत्या पट्ट्याच्या गणितात एकदम अंगावर येतो. फळीवर उभं राहून पाहणाऱ्याला ठोकळ्यावरचं कार्य वेगळं दिसेल, पण ६ ज्यूल उष्णता त्यालाही ६ च दिसते.

घर्षण बल स्थिर नसेल तर? खडबडीत वक्र घसरगुंडीवर लंब प्रतिक्रिया वळणानुसार आणि वेगानुसार बदलते, म्हणून f गुणिले अंतर असं सरळ लिहिता येत नाही. तळाचा वेग मोजलेला असेल तर दोन्ही पद्धती घर्षणाने एकूण किती ज्यूल घेतले ते सांगतात. तो न मोजता फक्त गुणांकावरून काढायचा असेल तर आधी न्यूटनच्या नियमाने वाटेवरचं बल शोधावं लागतं. वेळ विचारली असेल तरी न्यूटनकडेच जायचं, कारण या दोन्ही समीकरणांत वेळ नाहीच.

राहिला उष्णतेचा प्रश्न, आणि तिथे प्रमेय थांबतं. पहिल्या गणितातले −२० ज्यूल गतिज ऊर्जेचा हिशेब अचूक देतात, पण ते २० ज्यूल कुठे गेले याबद्दल काहीच सांगत नाहीत. प्रमेयातला ठोकळा एक बिंदू आहे. बिंदूला तापमान नसतं. खरा ठोकळा गरम होतो. १९८४ मध्ये ब्रूस शेरवुड आणि डब्ल्यू. एच. बर्नार्ड यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला. ठोकळ्यावर घर्षणाने खरोखर केलेलं कार्य −fd असेलच असं नाही, कारण घासणारे सूक्ष्म उंचवटे अडकतात, वाकतात, सुटतात. बल जिथे लागतं ते ठिकाण ठोकळ्याच्या मध्याइतकं सरकत नाही. ठोकळा आणि उतार अगदी एकसारख्या पदार्थाचे, एकसारखे घासणारे धरले तर २० पैकी १० ज्यूल उष्णता ठोकळ्यात राहते. मग ठोकळ्याची गतिज ऊर्जा घर्षणामुळे २० ने घटली, अंतर्गत ऊर्जा १० ने वाढली, म्हणजे घर्षणाचं खरं कार्य −१० ज्यूलच. प्रमेयातले −२० तरीही बरोबर आहेत, कारण ते बल गुणिले ठोकळ्याच्या मध्याचं विस्थापन आहे आणि गतिज ऊर्जेसाठी तेवढंच लागतं.

म्हणून प्रश्नात "किती उष्णता निर्माण झाली" असेल तर अक्षय्यता लावा आणि ठोकळा व उतार मिळून २० ज्यूल लिहा. "ठोकळ्याचं तापमान किती वाढलं" असं विचारलं असेल, तर त्या २० मधले किती ठोकळ्यात राहिले हे प्रश्नाने द्यायला हवं; दोन्हीपैकी कोणतंही समीकरण ती वाटणी सांगत नाही. ठोकळा लोखंडाचा असेल आणि निम्मे त्यात गेले असं दिलं असेल, तर २ किलोसाठी लोखंडाची विशिष्ट उष्मा साधारण ४५० ज्यूल प्रति किलो प्रति अंश धरून वाढ जेमतेम ०.०११ अंश सेल्सिअस येते.