बिटवॉर्डनमधून कीपासएक्ससीकडे: कोणती फाईल काढायची?

बिटवॉर्डन सोडून कीपासएक्ससीवर जायचं ठरलं, की पहिला प्रश्न एक्स्पोर्टच्या प्रकाराचा येतो. मागे उरलेली उघडी फाईल कशी पुसायची, ही डोकेदुखी बरीचशी इथेच ठरते.

`.csv` जवळपास प्रत्येक पासवर्ड मॅनेजर वाचतो, पण तिच्यात फक्त लॉगिन आणि नोट्स येतात. कार्डं, ओळखीची माहिती आणि पासकी मागेच राहतात, आणि तसा इशारा इम्पोर्टच्या वेळी मिळत नाही. शिवाय फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली तर `007134` हा पिन `7134` होऊन बसतो. बघायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.

साध्या `.json` मध्ये कार्डंही येतात, म्हणून ती जास्त भरवशाची. उघडी मात्र दोन्ही सारख्याच. ओटीपीची गुप्त किल्लीही त्यांत पासवर्डशेजारीच लिहिलेली असते, त्यामुळे फाईल ज्याच्या हाती लागेल त्याला दुसरा टप्पाही फुकटात मिळतो.

तिसरा पर्याय एन्क्रिप्टेड `.json`. त्यात `Password protected` निवडा. `Account restricted` ची फाईल फक्त त्याच बिटवॉर्डन खात्यात उघडते, स्थलांतराला निरुपयोगी. पासवर्ड लावलेली फाईल कीपासएक्ससीच्या नव्या आवृत्त्या थेट वाचतात, म्हणजे उघडी फाईल तयारच होत नाही. माझं मत सरळ यालाच. जोडलेल्या फाईली `.json` मध्ये येत नाहीत, त्या हाताने उतरवून घ्या.

नवीन ठिकाणी उघडी फाईलच लागत असेल, तर ती कुठे ठेवता ते आधी बघा. क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलीत, तर संगणकावरून पुसली तरी क्लाउडच्या ट्रॅशमध्ये शिल्लक राहते. बॅकअप चालू असेल तर तिथेही एक प्रत जाते. लिनक्सवर `/dev/shm` हा बरा आडोसा: तिथली फाईल मेमरीत असते. फक्त स्वॅप चालू असेल तर तोही एन्क्रिप्टेड हवा.

पुसण्याची घाई नको. आधी दोन्हीकडच्या नोंदींची संख्या जुळवा, मग एकाच क्षणी दोन्हीकडे ओटीपी बघा. आकडे सारखे असतील तर किल्ली नीट आली.

जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर हे चालतं:

```
shred -u export.csv
```

एसएसडीवर याची खात्री नाही. वरून लिहिलेला मजकूर ती भलत्याच ब्लॉकवर नेते आणि जुना ब्लॉक काही काळ तसाच राहू शकतो. तिथे खरं संरक्षण म्हणजे फाईल बनण्याआधीपासून चालू असलेलं डिस्क एन्क्रिप्शन: बिटलॉकर, फाईलव्हॉल्ट किंवा लक्स. ते असेल तर फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणं पुरेसं. नसेल आणि लॅपटॉप विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल, तर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्याआधी बदलून टाका.