बायोतली नक्षीदार अक्षरं की साधी?

चतुर्थीच्या नेवऱ्यांची ऑर्डर घेणारं घरगुती खातं असो की म्हापशातलं होमस्टे, बायो लिहिताना हा प्रश्न येतोच. नक्षीदार अक्षरं उठून दिसतात, साध्या मजकुराच्या गर्दीत डोळा तिथेच थांबतो. हा फायदा खरा आहे.

पण याला फॉन्ट म्हणणं चूक. 𝐌𝐚𝐩𝐮𝐬𝐚 या शब्दात रोमन लिपीतलं एकही नेहमीचं अक्षर नाही. ती गणितासाठी 2001 मध्ये युनिकोड या संगणकी अक्षरांच्या जागतिक यादीत आलेली वेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे न दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर काय करील हे फोनवर आणि निवडलेल्या आवाजावर ठरतं. कुठे शब्द नीट वाचला जातो, कुठे 'मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल एम' अशी अक्षरामागून अक्षरं ऐकू येतात, कुठे शब्द गाळलाच जातो. एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरने 2024.3 आवृत्तीत अशी चिन्हं साध्या अक्षरांत बदलून वाचण्याची सोय दिली, पण ऐकणाऱ्याकडे ती चालू असेल असं धरून चालता येत नाही.

शोधाचंही तसंच. NFKC हा युनिकोडचाच नियम वापरणारा शोध जाड किंवा तिरप्या चिन्हांतून मूळ अक्षर काढू शकतो. माझं मत साध्या अक्षरांकडे झुकलं ते मात्र ᴍᴀᴘᴜꜱᴀ अशा छोट्या कॅपिटलमुळे. ती सगळ्यांत सभ्य दिसतात, म्हणून लोक तीच निवडतात, आणि नेमकी तीच या नियमाने परत येत नाहीत. कारण ती मुख्यतः उच्चारशास्त्रासाठी नोंदवलेली स्वतंत्र अक्षरं आहेत, कशाची सजवलेली रूपं नव्हेत. पायथॉनमध्ये पडताळून पाहा:

```
import unicodedata as u
print(u.normalize("NFKC", "𝐌𝐚𝐩𝐮𝐬𝐚"))
print(u.normalize("NFKC", "ᴍᴀᴘᴜꜱᴀ"))
```

पहिल्या ओळीतून Mapusa मिळतं. दुसरी जशीच्या तशी राहते. म्हणजे Mapusa टाइप करून शोधणाऱ्याला ते खातं सापडेलच याची खात्री नाही, आणि डोळ्यांनी पाहून हा फरक कळतही नाही. काळ्या चौकोनातली 🅼 सारखी अक्षरंही अशीच अडकतात.

देवनागरीला हा रोग नाही, कारण तिची अशी सजवलेली रूपं युनिकोडमध्ये नाहीतच. म्हणून 'नेवऱ्या, म्हापसा' हे देवनागरीत आणि शेजारी साध्या रोमनमध्ये Nevri, Mapusa असं दोन्ही ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. म्हापसाचं रोमन स्पेलिंग पाटीवर जे असतं तेच घ्या, लोक तेच टाइप करतात.

सजावट हवीच असेल तर ती पोस्टच्या चित्रात करा आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात तेच शब्द साधे लिहा. कॅप्शनमध्ये एखादा शब्द नक्षीदार ठेवायला हरकत नसावी, जर तो गाळला गेला तरी अर्थ बिघडत नसेल. नाव, गाव, पदार्थ आणि फोन नंबर मात्र साधेच असावेत. नंबरचे आकडे जाड चिन्हांत असले की काही ॲप्स तो फोन नंबर म्हणून ओळखत नाहीत आणि दाबून कॉल लागत नाही.

जुना बायो तपासायचा तर अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंगमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावा आणि स्वतःचा बायो ऐका. त्याआधी टॉकबॅक बंद करायचा शॉर्टकट नेमून ठेवा, नाहीतर बोटांच्या बदललेल्या खुणांमुळे बाहेर पडताना गोंधळ होतो.