दाब वाढवावा, तोंड बदलावे की हवा तापवावी? चोक झालेल्या नॉझलमधील निर्गम वेगाची तुलना

दाबलेल्या हवेची टाकी आणि अभिसारी-अपसारी, म्हणजे गळ्यापर्यंत अरुंद होत जाणारे व त्यापुढे पुन्हा रुंदावणारे, नॉझल हाताशी असताना झोताचा वेग वाढवायचा असेल, तर तीन वाटा दिसतात: टाकीतला दाब वाढवणे, नॉझलचे तोंड बदलणे किंवा हवा तापवणे. यांपैकी पहिली सर्वांत आधी सुचते, आणि वेगाच्या दृष्टीने तीच बहुधा निष्फळ ठरते.

तुलनेसाठी एक ठरावीक नॉझल घेऊ. गळ्याचा व्यास 10 मिमी, तोंडाचा 13 मिमी, टाकीतल्या हवेचे तापमान 300 केल्व्हिन आणि निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब 8 बार. घर्षण सोडून दिले, तर गळ्यात हवेचा वेग सेकंदाला 317 मीटर, म्हणजे तेथील ध्वनीच्या वेगाइतका भरतो; यालाच नॉझल चोक होणे म्हणतात. तोंडाशी तो 518 मीटर, म्हणजे तेथील ध्वनीच्या दुप्पट होतो आणि झोताचा दाब वातावरणाच्या दाबाशी जवळजवळ जुळतो.

आता टाकीचा दाब 16 बार केला, तर सेकंदाला बाहेर पडणारी हवा 0.147 किलोवरून 0.293 किलोवर जाते, वेग मात्र 518 मीटरच राहतो. ध्वनीहून मंद असलेला वायू अरुंद होत जाणाऱ्या मार्गात वेग घेतो. ध्वनीहून जलद वायूची घनता मात्र वेग वाढतो त्याहून झपाट्याने घटते, म्हणून पुढे वेग घेण्यासाठी त्याला रुंद होत जाणारा मार्ग लागतो. त्यामुळे ध्वनीचा वेग गाठता येतो तो फक्त सर्वांत अरुंद जागी. दाब दुप्पट केल्याने नॉझलच्या प्रत्येक छेदातली घनता दुप्पट होते, पण छेदांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर तेच राहते, आणि तोंडाशी वेग ध्वनीच्या किती पट असावा हे तेच गुणोत्तर ठरवते. वाढलेला दाब मग तोंडाशी 2.04 बार होऊन शिल्लक उरतो आणि झोत नॉझलच्या बाहेर फुगतो. उलट दिशेने, बाहेरचा दाब कमी केला तरी त्याची वार्ता ध्वनीच्या वेगानेच मागे येऊ शकते, आणि प्रवाहच तेवढ्या वेगाने समोरून येत असल्यामुळे ती गळ्यापलीकडे पोहोचत नाही.

दाब वाढवण्याचा उपयोग होतो तो खालच्या टप्प्यात. या नॉझलचा गळा सुमारे 1.12 बार निरपेक्ष दाबालाच चोक होतो, तरीही तोंडाशी वेग ध्वनीपेक्षा कमीच असतो, कारण गळ्यापुढे उभी राहिलेली आघात-तरंगाची, म्हणजे दाब एकदम चढवणाऱ्या पातळ थराची, भिंत प्रवाहाला मंद करते. दाब वाढेल तशी ही भिंत तोंडाकडे सरकते आणि सुमारे 1.76 बारला तोंडाशी पोहोचते. त्यापुढे ती बाहेर जाते आणि 518 हा आकडा कायमचा होतो. प्रत्यक्षात नॉझलच्या आतल्या पृष्ठभागालगतचा प्रवाह आधीच त्यापासून सुटत असल्याने हा बदल इतका टोकदार दिसत नाही.

आपले नॉझल कोणत्या अवस्थेत आहे हे तोंडाजवळ दाब मोजण्यासाठी पाडलेल्या छिद्रावरून कळते. प्रवाह पूर्ण स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून जलद, असेल, तर तेथील दाब टाकीच्या निरपेक्ष दाबाच्या 0.128 पट असतो. तपासणी 8 बारला करू नये, कारण तेथे हे मूल्य योगायोगाने वातावरणाइतकेच येते. 5 बारला 0.64 बार मिळाले, तर शंका उरत नाही. गेजवर दिसणाऱ्या आकड्यात वातावरणाचा सुमारे 1 बार मिळवायला विसरल्यास ही सारी गुणोत्तरे चुकतात.

तोंडाच्या बाबतीत प्रथम प्रश्न असा, की अपसारी भाग हवाच का? निव्वळ अभिसारी नॉझल त्याच टाकीवर 317 मीटरला थांबते, पण तोंडाशी उरलेला दाबही ढकलत असल्याने त्याचा रेटा सुमारे 72 न्यूटन असतो, तर अभिसारी-अपसारी नॉझलचा 76. केवळ रेटा हवा असेल, तर या दाबाला साधे नॉझल पुरेसे आहे असे माझे मत आहे. स्वनातीत झोतच हवा असेल, तर मात्र पर्याय नाही. तोंड 20.6 मिमी केल्यास गणिताने 622 मीटर मिळतात, पण 8 बारला तोंडाशी दाब केवळ 0.22 बार येतो आणि प्रवाह नॉझलच्या पृष्ठभागापासून सुटण्याची दाट शक्यता असते. ते तोंड नीट चालण्यासाठी सुमारे 37 बार लागतील. दाब वाढवण्याला वेगाच्या दृष्टीने अर्थ येतो तो येथे, मोठ्या तोंडाच्या जोडीनेच.

हवा 600 केल्व्हिनपर्यंत तापवली, तर त्याच नॉझलमधून त्याच दाबाला 732 मीटर वेग मिळतो, कारण वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्याच प्रमाणात हवेचे वस्तुमान घटून 0.104 किलोवर येते आणि रेटा 76 न्यूटनच राहतो. टाकी लहान असेल आणि साठवलेली हवा जपून वापरायची असेल, तर मी हीटरवरच खर्च करीन.