आठ महिने वॉफल मेकर वापरल्यावर: हिरव्या दिव्यावर विसंबू नका

दोन खणांचा साधा वॉफल मेकर आहे, दिवाळीत घेतला. तिसऱ्याच महिन्यात वॉफल मधोमध फाटायला लागले. झाकण उघडलं की अर्धा वॉफल वर चिकटलेला, अर्धा खाली. इंदूरच्या सर्व्हिस सेंटरवर घेऊन गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, कोटिंग गेलंय, प्लेट बदलावी लागेल," आणि खर्च सांगितला जवळपास अर्ध्या किमतीएवढा. कोटिंगवर एक ओरखडा नव्हता. मी वाद घातला आणि मशीन तसंच परत आणलं.

तेव्हा मी याला एकच तारा दिला असता. आता मत बदललंय, कारण दोष प्लेटचा नव्हता, हिरव्या दिव्याचा होता. तो दिवा फक्त प्लेट तापल्याचं सांगतो. आत पीठ असताना थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, त्यामुळे वॉफल कच्चा असतानाही दिवा हिरवा होतो. मी नेमकं तेव्हाच झाकण उघडत होते. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहायला हवं होतं, याचा राग अजून आहे.

खरी खूण वाफेची. पीठ घालून झाकण लावलं की अर्ध्या मिनिटात कडेने वाफेचा लोट सुरू होतो. पिठातलं पाणी जोरात निघत असतं, तोवर पापुद्रा ना कडक होतो ना लाल. साधारण चार मिनिटांनी वाफ बारीक होते, मग एखादाच धागा दिसतो. तेव्हा झाकण हळूच उचलून बघायचं. अडलं तर ओढायचं नाही, अजून एक मिनिट ठेवायचं. शिजलेला वॉफल आपोआप सुटतो.

परवा रविवारी सासूबाईंसाठी मूगडाळीचं पीठ घातलं. त्यात पाणी जास्त, म्हणून सहा मिनिटं झाली तरी वाफ थांबेना. घड्याळाकडे बघून काढला असता तर नक्की फाटला असता. साडेसात मिनिटांनी वाफ विरली आणि अख्खा कुरकुरीत निघाला. उलट पिठात साखर किंवा कोको जास्त असेल तर वाफ संपायच्या आत रंग चढतो, तिथे थोडं आधी उघडून बघावं लागतं.

पीठ माझ्या आमटीच्या डावाने प्रत्येक खणात एकच डाव, मधोमध. कडेला बोटभर जागा सोडायची, ते फुगून पसरतं. जास्त घातलं तर बिजागरीत ओघळून जळतं, आणि तो धूर वाफेसारखाच दिसतो. मशीन आधी पाच-सात मिनिटं तापू द्यायचं, आणि प्रत्येक घाण्यानंतर पुन्हा दिवा हिरवा व्हायची वाट बघायची. या एका कामासाठी मात्र दिवा बरोबर आहे.

काढलेला वॉफल ताटात ठेवू नका, खालून वाफ धरून मऊ पडतो. मी चपात्यांच्या जाळीवर ठेवते. प्लेट बदलली नाही, पैसे वाचले, आणि कोटिंग आजही नवं आहे.