घर सांगलीत, नोकरी पुण्याची: रिक्रूटरला कधी सांगायचं आणि नेमकं काय विचारायचं

रिक्रूटरचा पहिला फोन साधारण दहा मिनिटांचा असतो. अनुभव किती, सध्याचा सीटीसी किती, नोटीस पिरियड किती, हे झालं की प्रश्न येतो: "लोकेशन पुणे आहे, चालेल ना?" तुम्हाला राहायचं सांगलीत आहे. काम सॉफ्टवेअरचं आहे आणि त्यातलं बरंचसं घरून होऊ शकतं, हे दोघांनाही माहीत आहे. तरीही या प्रश्नाला काय उत्तर देता, यावर पुढचं बरंच ठरतं. लोक साधारण तीन प्रकारची उत्तरं देतात. ती शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिलं उत्तर: "हो, चालेल." म्हणजे आधी ऑफर हातात घ्यायची, मग सांगलीचा विषय काढायचा. निवड झाली की आपला भाव वाढतो, हा यामागचा हिशेब. पगाराच्या बाबतीत तो बऱ्याचदा खरा ठरतो, जागेच्या बाबतीत नाही. याचं कारण कंपनीच्या आत आहे. एखादी जागा भरायला मंजुरी मिळते तेव्हा पद, पगाराची मर्यादा आणि लोकेशन असं तिन्ही त्या मंजुरीत लिहिलेलं असतं. पगार त्या मर्यादेत वरखाली करायला एचआरला मोकळीक असते, पण लोकेशन बदलायचं तर मंजुरीचा कागद पुन्हा मॅनेजरकडे आणि वर फिरवावा लागतो. निवड झाल्यावर ती खटपट करण्यापेक्षा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन करणं सोपं पडतं. शिवाय रिक्रूटरने तुमच्या नावापुढे "पुण्याला तयार" असं लिहून पाठवलेलं असतं. आता तुम्ही शब्द फिरवलात असं दिसतं, आणि तुमची बाजू मांडायची इच्छा त्याला उरत नाही.

दुसरं उत्तर: "मी फक्त सांगलीतूनच काम करणार." घरी आजारी माणूस असेल, खरोखरच हलता येत नसेल, तर हेच उत्तर द्यावं. दोन्हीकडचा वेळ वाचतो. पण महिन्यातून काही दिवस पुण्याला जाणं जमणार असेल, तर "फक्त" हा शब्द महाग पडतो. फोनवरच्या माणसासमोर बहुतेक वेळा एक फॉर्म असतो आणि त्यात लोकेशनच्या रकान्यात हो किंवा नाही एवढंच असतं. कन्सल्टन्सीचा रिक्रूटर असेल तर हे जास्त लागू. त्याला पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात, आणि कंपनीत काय चालतं हे त्याला स्वतःलाच नीट माहीत नसतं. "नाही"वर टिक होते आणि मॅनेजरपर्यंत तुमचं नावही जात नाही.

तिसरं उत्तर, आणि आमचा कौल याच बाजूला आहे: पहिल्याच फोनवर पसंती सांगायची, सोबत आपण काय देऊ शकतो तो आकडा द्यायचा, आणि प्रश्न मॅनेजरकडे पोचेल असा विचारायचा. उदाहरणार्थ:

"मी सांगलीत राहतो आणि तिथूनच काम करायची इच्छा आहे. महिन्यातून आठ दिवसांपर्यंत पुण्याच्या ऑफिसला येऊ शकतो, सुरुवातीचा महिना पूर्णवेळ येईन. या टीममध्ये असं कितपत शक्य आहे, हे मॅनेजरना विचारून सांगाल का?"

यात "रिमोट" हा शब्द मुद्दाम नाही. तो ऐकला की सरळ "आमच्याकडे रिमोट नाही" असं ठरलेलं उत्तर येतं. आठ दिवसांचा आकडा दिला की रिक्रूटरला पुढे पाठवण्याजोगं काहीतरी मिळतं. सुरुवातीच्या महिन्याचं आश्वासनही कामाचं आहे, कारण नवा माणूस लांब बसला तर त्याला शिकवायचं कसं, ही मॅनेजरची पहिली काळजी असते. अर्थात, तो महिना पुण्यात राहायची सोय असेल तरच हे बोलावं.

एक धोका आहे. "हायब्रीड आहे, काही अडचण नाही" असं रिक्रूटर पटकन म्हणून जातो. हायब्रीड म्हणजे आठवड्यातून एक दिवस, आणि हायब्रीड म्हणजे चार दिवसही. म्हणून लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: ऑफिसचे दिवस मोजतात कसे, आठवड्याला, महिन्याला की तिमाहीला? शंभर किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. सांगलीवाल्याला पडतो, तो किती ते पाहा.

सांगली-पुणे साधारण 230 किलोमीटर. दारापासून दारापर्यंत एका बाजूला पाच तास धरू. हिशेबासाठी एका बाजूचं भाडं 600 रुपये आणि पुण्यातली एक रात्र 1,200 रुपये मानू. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, पद्धत तीच राहते.

नियम "आठवड्याला दोन दिवस" असा असेल, तर महिन्यात चार खेपा होतात. मंगळवारी पहाटे निघायचं, एक रात्र राहायचं, बुधवारी संध्याकाळी परत. प्रवास 40 तास, भाडं 4,800, चार रात्रींचे 4,800, एकूण 9,600 रुपये. आता नियम "महिन्याला आठ दिवस" असा असेल, तर तेच आठ दिवस दोन खेपांत बसवता येतात: पंधरा दिवसांतून एकदा मंगळवार ते शुक्रवार. भाडं 2,400, सहा रात्रींचे 7,200, एकूण पुन्हा 9,600. पैसे तेवढेच, पण प्रवास 20 तास. ऑफिसचे दिवस सारखेच असून महिन्याचे वीस तास वाचतात, आणि एक आठवडा सोडून एक असे दोन आठवडे पूर्ण घरी मिळतात. हे फक्त मोजण्याच्या पद्धतीमुळे.

आठवड्याला तीन दिवस असतील तर गणित मोडतं. चार खेपा, आठ रात्री, 14,400 रुपये आणि तेच 40 तास. एवढ्यात पुण्यात महिन्याची कॉट घेणं परवडतं, आणि मग तुम्ही खरं तर पुण्यातच राहताय आणि शनिवार-रविवारी घरी जाताय. अशा ठिकाणी सांगलीसाठी पगारात तडजोड करू नये. साताऱ्याहून पुणे साधारण 110 किलोमीटर, तिथल्या माणसाला आठवड्याचे दोन दिवस सकाळी जाऊन रात्री परत येऊन जमतात. लातूरहून तीनशेच्या वर होतात, तिथून आठवड्याच्या खेपा कोणी फार काळ निभावू शकत नाही. तेव्हा महिन्यातून एकदाच सलग पाच दिवस, अशीच मागणी करावी.

मोजणी कार्ड पंचवरून आपोआप होत असेल तर मॅनेजरने तोंडी दिलेली सवलत टिकत नाही. तिमाहीच्या शेवटी यादी निघते, आणि त्यात दर आठवड्याचा खाडा दिसतो. म्हणून "मॅनेजर समजून घेतात" या उत्तरावर थांबू नका. ही सूट सिस्टीममध्ये नोंदवता येते का, हे विचारा.

दुसरी गोष्ट ऑफर लेटरमधल्या एका ओळीची: बेस लोकेशन. इथेही दोन पर्याय आहेत आणि दोन्हींना किंमत आहे. बेस लोकेशन पुणे आणि सांगलीतून कामाची परवानगी, असं असेल तर पगार पुण्याच्या पट्ट्यातला राहतो. पण पुण्याची प्रत्येक खेप ही तुमचं रोजचं ऑफिसला जाणं ठरते, खर्च तुमचा. परवानगी मागे घेतली तर कंपनीने काही मोडलं असंही म्हणता येत नाही, कारण कागदावर तुम्ही पुण्याचेच होता. बेस लोकेशन सांगली किंवा "घर" असं लिहिलं असेल, तर कंपनीने बोलावल्यावर पुण्याला जाणं बऱ्याच ठिकाणी दौऱ्यात धरतात आणि भाडं, मुक्काम मिळतो. मात्र काही कंपन्या गावानुसार पगाराचा पट्टा ठरवतात, तिथे आकडा खाली येऊ शकतो. किती खाली, हे सही करण्याआधी विचारायचं. वरच्या हिशेबाने दोन खेपांचा खर्च वर्षाला 1,15,200 रुपये होतो. कपात याहून कमी असेल आणि खेपांचा खर्च कंपनी देणार असेल, तर सांगलीचा बेस पैशातही फायद्याचा. कपात मोठी असेल आणि महिन्यातून एकदाच जायचं असेल, तर पुण्याचा बेस बरा. बेस कुठलाही असला तरी बदलीचं कलम वाचा. "कंपनी कुठल्याही ठिकाणी बदली करू शकते" हे वाक्य बहुतेक पत्रांत असतंच, ते काढून मिळत नाही. त्यामुळे किती दिवस आधी कळवणार, एवढं तरी लिहून मागावं.

घरी राहिल्याने भाडं वाचतं हे खरं, पण आईवडिलांच्या घरात भाडं न देता राहत असाल तर घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती भाडं देणाऱ्यालाही नाही.

मॅनेजरशी बोलणं होईल तेव्हा वीज आणि नेटचा प्रश्न येणार. "नेट चांगलं आहे" याने कोणाचं समाधान होत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन आहेत, राउटर आणि लॅपटॉप चार तास चालवेल असा इन्व्हर्टर आहे, महावितरणच्या देखभालीच्या दिवशी दुपारी कुठे बसणार हे ठरलेलं आहे, असं सांगा. दोन्ही लाइन एकाच खांबावरून आल्या असतील तर केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जातात, तेव्हा मोबाइलचं तिसरं कनेक्शन लागतं. आणि उलट एक प्रश्न तुम्हीही विचारा: "टीममधलं आणखी कोणी पुण्याबाहेरून काम करतं का?" कोणीतरी करत असेल तर बैठका, शिकवणं, हजेरी यांची घडी बसलेली असते. तुम्हीच पहिले असाल, तर सगळी व्यवस्था त्या एका मॅनेजरच्या मर्जीवर उभी राहते आणि तो बदलला की प्रश्न पुन्हा उघडतो. बँकेचं किंवा विम्याचं काम असेल तर ग्राहकाचीच अट असू शकते की डेटा ऑफिसच्या बंद खोलीबाहेर जाणार नाही. तिथे मॅनेजरची इच्छा असूनही काही करता येत नाही, म्हणून हेही पहिल्या मुलाखतीतच विचारून घ्यावं.

फोन येण्याआधीचं एक काम नोकरीच्या साइटवर आहे. प्रोफाइलमध्ये पसंतीचं ठिकाण म्हणून फक्त सांगली टाकलंत, तर पुण्याचा रिक्रूटर पुण्याचा फिल्टर लावून शोधतो तेव्हा तुम्ही दिसतच नाही. सध्याचं ठिकाण सांगली ठेवा, पसंतीत पुणे आणि रिमोट दोन्ही घ्या, आणि वरच्या दोन ओळींत लिहा: "सांगलीत वास्तव्य, महिन्यातून आठ दिवस पुणे ऑफिस शक्य." न जमणारे बरेच फोन यामुळे येतच नाहीत.

सगळं जमलं की जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी एक मेल करायचा. त्यात तीन गोष्टी: बेस लोकेशन कुठलं, ऑफिसचे दिवस किती आणि कशावर मोजणार, खेपांचा खर्च कोणाचा. रिक्रूटर फोन करून "हो हो, ठरल्याप्रमाणेच" म्हणाला तरी मेलला उत्तर मागा, आणि त्यात मॅनेजरचा पत्ता ठेवा, कारण रिक्रूटर नोकरी बदलून गेला तर त्याच्या शब्दाला कोणी वाली राहत नाही. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी त्याच मेलवर पुन्हा एकदा विचारा. तेवढ्या काळात हजेरीचा नियम बदललेला असू शकतो, आणि पुण्यात खोली शोधायची वेळ आलीच तर हाताशी दोन आठवडे तरी असतील.