इन्सिडेंट तिकीट नीट लिहायला लागून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमच्याकडे आउटेजच्या वेळी तिकीट आधीही उघडलं जायचं. पण त्यात "बघतोय", "बहुतेक डेटाबेस", "आता ठीक वाटतंय" एवढंच असायचं. दोन दिवसांनी रिव्ह्यूला बसलो की अर्धा वेळ चॅट चाळण्यात जायचा आणि ज्याला जास्त ठामपणे आठवतंय त्याचंच खरं धरलं जायचं. आठ महिन्यांपूर्वी आम्ही नोंदीची एकच पद्धत ठरवली: आधी यूटीसी वेळ, मग कोणी, आणि मग "पाहिलं", "अंदाज" किंवा "केलं" यांपैकी एक शब्द. तिसऱ्या महिन्यातल्या एका आउटेजने मला या पद्धतीचं मोल पटवलं.

तिकिटातल्या ओळी जशाच्या तशा:

```
14:02Z ऑन-कॉल पाहिलं: 500 एरर सुरू (ग्राफवरून, नोंद 14:13)
14:22Z डीबी पाहिलं: FATAL: sorry, too many clients already
14:24Z ऑन-कॉल अंदाज: दुपारच्या डिप्लॉयमुळे
14:26Z ऑन-कॉल केलं: रोलबॅक
14:29Z ऑन-कॉल पाहिलं: एरर शून्य
13:50Z जॉब्स केलं: वर्कर 4 वरून 8 (नोंद 14:41)
```

शेवटची ओळ मागची वेळ घेऊन उशिरा आली आहे, आणि तशीच यायला हवी. "गेल्या दोन तासांत कोणी काहीही बदललं असेल तर लिहा" असं तिकिटावर विचारल्यावर सहकाऱ्याने ती टाकली. त्याच्या मते त्या बदलाचा एररशी काही संबंध नव्हता. घटना घडल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ वेगळी असेल तर दोन्ही लिहायच्या, हा नियम आम्हाला सगळ्यात जड गेला. पण त्याच्याशिवाय अलर्ट वाजला त्या क्षणालाच आउटेजची सुरुवात समजलं जातं, आणि ग्राफवर मात्र एरर सात मिनिटं आधीपासून दिसत असतात.

१४:२९ ला तिकीट बंद करायचा मोह सगळ्यांनाच झाला होता. जुन्या सवयीने "रोलबॅकने सुटलं" असं लिहून आम्ही मोकळे झालो असतो. पण तिकिटावर "एरर शून्य" हे पाहिलेलं होतं आणि "डिप्लॉयमुळे" हा नुसता अंदाज होता, म्हणून मी ते उघडं ठेवलं. १५:०७ ला एरर परत आले, जुना कोड चालू असतानाच.

मग हिशेब मांडला. चार वेब प्रोसेस, प्रत्येकाचा पूल दहा कनेक्शनचा, म्हणजे ४०. वर्कर चार होते तेव्हा त्यांचेही ४०. वर्कर आठ झाल्यावर एकूण १२० पर्यंत जाऊ शकत होते, आणि PostgreSQL मध्ये `max_connections` मुळातल्या १०० वरच होतं. पूल गरजेप्रमाणे हळूहळू भरतो, म्हणून बदल आणि पहिला एरर यांत बारा मिनिटं गेली. रोलबॅक करताना प्रोसेस रिस्टार्ट झाल्या, धरलेली कनेक्शन सुटली, आणि सगळं सुधारल्यासारखं दिसलं. वर्करचा पूल दहावरून पाचवर आणला तेव्हा एकूण ८० झाले आणि एरर कायमचे थांबले. १३:५० ची नोंद नसती तर रिव्ह्यूमध्ये एका निर्दोष डिप्लॉयवर ठपका बसला असता.

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात आम्ही टीमचं नाव लिहीत नाही, एकाच माणसाचं लिहितो. आधी एकदा दोघांनी मिनिटाच्या अंतराने दोन वेगवेगळे बदल केले होते आणि नेमका कशाने फरक पडला हे आजही कोणी सांगू शकत नाही. आता बदल करणारा आधी "करतोय" लिहितो आणि पुढचा बदल पाच मिनिटं ग्राफ पाहिल्यावरच होतो. जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की तीही वेळ घालून नोंदवायची. दर वीस मिनिटांनी अपडेट द्यायचं, नवीन काही नसलं तरी, आणि त्यात पुढच्या अपडेटची वेळ सांगायची. एवढ्यानेच "काय झालं?" विचारणारे फोन निम्म्याहून कमी झाले.

चुकीची नोंद आम्ही खोडत नाही, खाली "दुरुस्ती" म्हणून नवी ओळ टाकतो. त्या क्षणी आम्हाला काय वाटत होतं, हेही रिव्ह्यूला लागतं. लॉग चिकटवताना टोकन आणि ग्राहकांची माहिती मात्र आधी काढायचीच.

अडचण एकच उरली आहे, पण मोठी. रात्री एकटाच माणूस ऑन-कॉल असतो तेव्हा लिहिणं आणि सोडवणं दोन्ही नीट होत नाही. अशा वेळी मी टर्मिनलमध्ये हे चालवून फक्त "केलं" च्या ओळी साठवतो, बाकी ग्राफवरून सकाळी भरतो:

```
echo "$(date -u +%H:%MZ) केलं: वर्कर रिस्टार्ट" >> inc.txt
```

तिकिटाची सिस्टीमच आउटेजमध्ये सापडली होती तेव्हाही आमच्याकडे हीच फाइल होती.